ऐकणाऱ्याच्या पदरात काय पडणार?

गेली काही वर्षे मी एका तांत्रिक संमेलनासाठी आलेले टॉकचे प्रस्ताव वाचण्याचे काम करतो, आणि आमच्या ऑफिसातली तरुण मंडळी असे प्रस्ताव लिहितात तेव्हा त्यांच्या शेजारीही बसतो. दोन्ही बाजूंनी पाहिल्यावर माझे एक ठाम मत झाले आहे. चांगले टॉक नाकारले जातात त्यामागे बहुतेक वेळा विषयाचा दोष नसतो. गोषवाऱ्यात, म्हणजे ज्याला आपण सगळे अ‍ॅब्स्ट्रॅक्ट म्हणतो त्यात, बोलणारा काय बोलणार हे लिहिलेले असते, पण ऐकणाऱ्याच्या पदरात काय पडणार हे लिहिलेले नसते. हे सुटे सांगून पटत नाही, म्हणून एक गोषवारा सुरुवातीपासून शेवटपर्यंत कसा बदलत गेला ते तो लिहिणाऱ्या सहकारी मुलीच्या परवानगीने इथे मांडतो.

आमच्या टीममध्ये डेटाबेसचे काम करणारी एक मुलगी आहे. पोस्टग्रेसच्या एका चालू टेबलवर इंडेक्स बनवताना आमची जी फजिती झाली होती, त्यावर तिला अर्ध्या तासाचा टॉक द्यायचा होता. तिचा पहिला मसुदा इंग्रजीत होता, मराठीत तो साधारण असा होईल: “आधुनिक अ‍ॅप्लिकेशन्समध्ये डेटाबेसची कार्यक्षमता अत्यंत महत्त्वाची असते. पोस्टग्रेस हा लोकप्रिय डेटाबेस असून त्यात अनेक प्रकारचे इंडेक्स उपलब्ध आहेत. या टॉकमध्ये आपण इंडेक्स म्हणजे काय, त्यांचे प्रकार, ते बनवण्याच्या पद्धती, त्यातील आव्हाने आणि उत्तम पद्धती यांचा आढावा घेऊ. शेवटी आमच्या अनुभवातील काही रंजक प्रसंग सांगितले जातील.”

यातले एकही वाक्य खोटे नाही, आणि अडचण नेमकी तिथेच आहे. मी तिला ‘पोस्टग्रेस’ खोडून तिथे ‘मायएसक्यूएल’ लिहायला सांगितले. मसुदा जसाच्या तसा खरा राहिला. ज्या मसुद्यातला मुख्य शब्द बदलूनही काही बिघडत नाही, त्यात तिने स्वतः भोगलेले, तपासलेले आणि शिकलेले काहीच उतरलेले नाही, असे समजायला हरकत नाही. पहिल्या फेरीत प्रस्ताव वाचणाऱ्याला बहुधा लेखकाचे नावही दिसत नाही. एका बैठकीत तो असे पन्नास-साठ प्रस्ताव वाचत असतो, आणि “आढावा घेऊ” या शब्दांपाशी त्याचे डोळे पुढच्या प्रस्तावाकडे वळतात.

मग मी तिला म्हटले, “लॅपटॉप मिट आणि मला मराठीत सांग. हा टॉक ऐकून मी सोमवारी ऑफिसात आलो, तर मला काय करता येईल?”

ती थोडी थांबून म्हणाली, “सर, तुम्हाला तुमच्या डेटाबेसमध्ये अर्धवट राहिलेले इंडेक्स आहेत का, हे एका क्वेरीने बघता येईल.”

टॉकचा गाभा त्या एका वाक्यात आला होता. मराठीतल्या ‘-ता येईल’ या रचनेचा मला इथे फार उपयोग होतो, कारण ‘बघता येईल’, ‘ठरवता येईल’, ‘ओळखता येईल’ म्हणताना ते कोणाला येईल हा प्रश्न उभा राहतो, आणि बोलणाऱ्यावरून लक्ष आपोआप ऐकणाऱ्याकडे जाते. ‘समजेल’ आणि ‘ओळख होईल’ ही क्रियापदे मात्र मी हटकून खोडतो. समजले की नाही हे कोणालाच तपासता येत नाही. क्वेरी चालवता आली की नाही हे लगेच कळते.

त्या वाक्यामागचा प्रसंग थोडक्यात सांगायला हवा, म्हणजे पुढचे वाचताना संदर्भ लागेल. आमच्या एका टेबलमध्ये सुमारे नऊ कोटी ओळी होत्या. त्यावर भर दुपारी साधा `CREATE INDEX` चालवला गेला. हा आदेश चालू असताना टेबल वाचता येते, पण त्यात नवी नोंद करता येत नाही, जुनी बदलता किंवा पुसताही येत नाही. त्यामुळे नोंदींची रांग तुंबली. पुढच्या वेळी आम्ही `CREATE INDEX CONCURRENTLY` वापरले. ते नोंदी अडवत नाही, मात्र त्यासाठी टेबल दोनदा वाचते आणि आधीपासून उघडी असलेली ट्रान्झॅक्शन संपण्याची वाट पाहते. एका रिपोर्टचे ट्रान्झॅक्शन बराच वेळ उघडे होते, वाट पाहता पाहता आमच्याच स्क्रिप्टमधली कालमर्यादा संपली आणि आदेश रद्द झाला. अशा वेळी पोस्टग्रेस अर्धवट इंडेक्स तसाच मागे ठेवते. तो क्वेरीच्या कामी येत नाही, पण प्रत्येक नव्या नोंदीबरोबर त्याची भर घालण्याचा खर्च चालूच राहतो. स्क्रिप्टमध्ये `IF NOT EXISTS` असल्यामुळे ती पुन्हा चालवली तेव्हा त्या नावाचा इंडेक्स आधीच आहे असे मानून तिने ते काम वगळले, आणि आम्हाला सगळे सुरळीत झाल्यासारखे वाटले. तिने म्हटलेली क्वेरी ती हीच:

```sql
SELECT indexrelid::regclass
FROM pg_index
WHERE NOT indisvalid;
```

एवढी भक्कम सामग्री हातात असताना मसुद्यात “रंजक प्रसंग” असे दोन शब्द येतात, याचे मला मनापासून वाईट वाटते. विचारल्यावर कारण कळले. तिला वाटत होते की उत्तर गोषवाऱ्यातच सांगून टाकले, तर टॉक ऐकायला कोण येईल? ही भीती मला बहुतेक सगळ्या नव्या वक्त्यांमध्ये दिसते, आणि ती निराधार आहे. अर्धवट इंडेक्स मागे राहतो हे वाचल्याने तो का राहतो, तो कसा काढायचा आणि पुन्हा तसे होऊ नये म्हणून स्क्रिप्ट कशी लिहायची, हे कळत नाही. उलट “अरे, आमच्याकडेही असे असेल” ही शंका मनात येते आणि माणूस त्या खोलीकडे वळतो. समांतर चालणाऱ्या तीन-चार टॉकमधून एक निवडायला श्रोत्याकडे जेमतेम चहाच्या सुट्टीतली काही मिनिटे असतात. त्या वेळी गुपित राखणाऱ्या वाक्यावर विसंबून तो आपला अर्धा तास देत नाही.

पुढच्या मसुद्यात उलटी चूक झाली. आता ऐकणाऱ्याला करता येण्यासारख्या पाच गोष्टी आल्या. इंडेक्सचा योग्य प्रकार निवडता येईल आणि टेबलमधल्या निवडक ओळींपुरते इंडेक्स बनवता येतील, असेही त्यांत होते. आम्ही कागदावर मिनिटे मांडली. अर्ध्या तासातली पाच मिनिटे प्रश्नांसाठी आणि तीन-चार मिनिटे प्रसंग सांगण्यासाठी काढली की एकवीस-बावीस मिनिटे उरतात. एखादी गोष्ट श्रोत्याच्या हाताला लागावी असे वाटत असेल तर आधी चूक दाखवावी लागते, मग तिचे कारण आणि मग उपाय, आणि याला सात मिनिटे सहज लागतात. म्हणजे गोष्टी तीनच. ज्या दोन गळल्या त्या वाईट नव्हत्या, पण त्यांचा त्या प्रसंगाशी संबंध नव्हता. त्याबरोबर बी-ट्रीच्या रचनेवरच्या तिने आधीच करून ठेवलेल्या स्लाइडही गेल्या. गोषवारा आधी नीट लिहिला की टॉकमध्ये काय ठेवायचे हे तोच ठरवतो, असा माझा अनुभव आहे.

एका वाक्यावर आमचा थोडा वाद झाला. “तुमच्या क्वेरी कित्येक पटींनी वेगवान होतील” असे तिला लिहायचे होते. हे वचन देता येत नाही, कारण श्रोत्याच्या टेबलमध्ये काय आहे हे आपल्याला ठाऊक नसते. श्रोता स्वतः काय करू शकेल, एवढ्यापुरतेच आपण बोलावे. त्याची यंत्रणा कशी वागेल याची हमी आपण घेऊ नये.

शेवटी पाठवलेला गोषवारा असा होता:

“चालू टेबलवर साध्या `CREATE INDEX`ने इंडेक्स बनवताना नव्या नोंदी अडतात, `CONCURRENTLY` त्या अडवत नाही, पण मध्येच फसले तर अर्धवट इंडेक्स मागे ठेवते. नऊ कोटी ओळींच्या टेबलवर आम्ही या दोन्हींचा फटका खाल्ला. या टॉकनंतर तुम्हाला इंडेक्स बनवण्याआधी कोणती ट्रान्झॅक्शन आडवी येतील हे तपासता येईल, अर्धवट राहिलेले इंडेक्स एका क्वेरीने शोधता येतील आणि मायग्रेशनच्या स्क्रिप्टमध्ये `IF NOT EXISTS` कुठे घात करते हे ओळखता येईल. तुम्ही पोस्टग्रेसवर एखादा इंडेक्स बनवलेला असला की पुरे, त्याच्या अंतर्गत रचनेची माहिती लागणार नाही.”

चार वाक्ये आहेत. पहिले वाक्य अडचण सांगते आणि तिथेच आपला श्रोता कोण हे ठरते, कारण ज्याच्याकडे चालू टेबल नाही तो इथेच थांबतो आणि त्याने थांबावेही. दुसरे वाक्य सांगते की बोलणाऱ्याने हे स्वतः अनुभवले आहे. नाव झाकलेले असताना परीक्षकाला विश्वास ठेवायला तेवढाच आधार असतो. तिसऱ्या वाक्यातल्या तिन्ही गोष्टी वेगवेगळ्या तपासता येतात. चौथे वाक्य लोक वगळतात, पण पूर्वतयारी किती हवी हे न सांगितल्यामुळे नवखा माणूस भलत्या खोलीत जाऊन बसतो आणि जाणकार कंटाळतो.

बाकी तपशील गोषवाऱ्यात कोंबू नयेत. युरोपायथॉनसारखी संमेलने प्रस्ताव मागवायला प्रीटॅल्क्स ही प्रणाली वापरतात, तिच्या अर्जात गोषवारा, सविस्तर वर्णन आणि आयोजकांसाठी टीप असे वेगळे रकाने असतात. मिनिटांचा आराखडा आणि हा टॉक आधी कुठे दिला होता का, याची माहिती त्या पुढच्या रकान्यांत द्यावी. पेपरकॉल या तशाच संकेतस्थळावर तर थोडक्यातल्या ओळखीसाठी 300 अक्षरेच मिळतात. तिथे आम्ही फक्त पहिले वाक्य आणि तिसऱ्यातली मधली गोष्ट ठेवली.

ही सगळी रीत कामाच्या अनुभवावरच्या टॉकसाठी आहे. संशोधन परिषदेच्या गोषवाऱ्यात निष्कर्ष आणि पद्धत हाच मजकूर असतो, तिथे “तुम्हाला अमुक करता येईल” हे वाक्य विचित्र दिसते.

पाठवण्याआधी तिने तो डेटाबेसचे काम न करणाऱ्या एका सहकाऱ्याला वाचायला दिला आणि सोमवारी काय करशील असे विचारले. तो म्हणाला, “आमच्या डीबीएला विचारेन की असे अर्धवट इंडेक्स आपल्याकडे आहेत का.” मधली गोष्ट पोचली होती. पहिली त्याला आठवली नाही, म्हणून तिने त्या वाक्यात आधी “जुनी, उघडी राहिलेली” असे असलेले शब्द काढून “कोणती ट्रान्झॅक्शन आडवी येतील” असे केले.

टॉक स्वीकारला गेल्यावर तालमीत असे दिसले की `IF NOT EXISTS`ची गोष्ट चार मिनिटांत संपते आणि उघड्या ट्रान्झॅक्शनची तपासणी दहा मिनिटे घेते. `pg_stat_activity`मधून कोणते ट्रान्झॅक्शन कधीपासून उघडे आहे हे प्रत्यक्ष दाखवल्याशिवाय तो भाग उभा राहत नव्हता. गोष्टी तीनच राहिल्या, म्हणून गोषवारा बदलावा लागला नाही. मिनिटांचा आराखडा तेवढा तिने दुरुस्त करून आयोजकांना कळवला.