खोडलेला तुरा परत आणताना

"फोटोशॉपमध्ये इरेजर भलतीकडं फिरला अन् ते उशिरा लक्षात आलं, तर काम गेलंच समजा. हिस्टरी 20 पावलांच्या मागं जात नाही. सेव्ह केलं की तीही पुसली जाते. आणि मागं गेलात तर मधलं सगळं पुन्हा करावं लागतं. दर पाच मिनिटाला Save As करून वेगळी फाईल ठेवा, दुसरा इलाज नाही." (स्टुडिओवाल्यांत फिरणारा मेसेज)

वीसचा आकडा खोटा नाही, शिळा आहे. जुन्या आवृत्त्यांत तेवढाच असायचा आणि Ctrl+Z सुद्धा एकच पाऊल मागं नेऊन पुढच्या दाबाला परत पुढं आणायचा. सलग मागं जाणारा Ctrl+Z आला तो सीसी 2019 पासून. आता हिस्टरीची 50 पावलं मुळातच मिळतात, आणि Edit > Preferences > Performance मध्ये History States चा आकडा 1000 पर्यंत वाढवता येतो. पण मी म्हणतो, आकड्याच्या नादी लागूच नका. माऊसचं बटन दाबून सोडलं की एक पाऊल मोजलं जातं. भिंत खोडणारा माणूस दोन मिनिटांत पन्नास फटकारे मारतो. तुम्ही दोनशे केले तरी जेवणाच्या सुट्टीपर्यंत सकाळची चूक यादीतून वर सरकून गेलेली असते, आणि मशीन जड होतं ते वेगळंच.

यादीतून जे जात नाही ते म्हणजे स्नॅपशॉट. Window > History उघडलं की पॅनलच्या तळाशी कॅमेऱ्याचं चिन्ह दिसतं. त्यावर क्लिक केलं की त्या क्षणीचा फोटो, सगळ्या लेयरांसकट, पॅनलच्या वरच्या भागात जाऊन बसतो. खाली हजार पावलं येवोत नाहीतर जावोत, तो हलत नाही. फाईल उघडल्याबरोबर पहिला स्नॅपशॉट तर फोटोशॉप स्वतःच काढतं. फाईलच्या नावानं सगळ्यात वर दिसतो तो हाच.

आता मेसेजमधलं सगळ्यात चुकीचं वाक्य, मधलं सगळं पुन्हा करावं लागतं हे.

आमचं दुकान परभणीला. मागच्या उन्हाळ्यात वर्षश्राद्धासाठी एका आबांचा जुना फोटो मोठा करायला आला. पांढरा फेटा, वर उभा तुरा, मागं चुन्याची भिंत. फोटो एवढा विटलेला की तुरा आणि भिंत यांच्यात फक्त एक राखाडी रेघ उरलेली. आमच्या पोरानं स्कॅन करून आधी चिरा आणि डाग काढले, आणि माझ्या सवयीप्रमाणं एक स्नॅपशॉट घेऊन त्याला "डाग झाले" असं नाव दिलं. मग मूळ Background लेयरवरच इरेजर घेऊन भिंत साफ केली. Background वर खोडलं की खाली पारदर्शक होत नाही, मागचा रंग लागतो, आणि तो पांढरा होता. पांढऱ्यात पांढरा तुरा गेला. कोणाच्या लक्षात येणार? त्यानंतर दोन तास डोळे, मिशा, कोटाची बटनं. मधे तीन-चारदा Ctrl+S. संध्याकाळी नातू आला, स्क्रीनकडं बघून म्हणाला, "भैय्या, आबांचा तुरा कुठं गेला?"

पोराचा चेहरा उतरला. यादीत इरेजरचं एकही पाऊल उरलं नव्हतं, सगळीकडं कोटाच्या बटनांचे फटकारे. पण वर "डाग झाले" जागेवर होता. त्या स्नॅपशॉटच्या नावावर क्लिक करायचं नाही, हे आधी सांगतो. नावाच्या डावीकडं जो रिकामा चौकोन असतो त्यावर क्लिक करायचं. तिथं ब्रशचं छोटं चिन्ह येतं. फोटो जसा आहे तसाच राहतो, फक्त हिस्टरी ब्रशला कुठून उचलायचं ते कळतं. मग Y दाबून हिस्टरी ब्रश घेतला, कडा मऊ ठेवल्या, Opacity 100, आणि तुरा होता तिथं फिरवला. जिथं ब्रश फिरला तेवढीच जागा "डाग झाले" च्या वेळची झाली. मिशा, डोळे, बटनं यांना धक्काही नाही. चहा यायच्या आत तुरा उभा राहिला. थोडी भिंतही परत आली होती, ती लहान इरेजरनं कडेकडेनं काढली.

स्नॅपशॉट घेतला नसता तर? फाईल उघडतानाचा पहिला होताच. त्यातूनही तुरा आला असता, पण त्यावरच्या चिरांसकट. म्हणून स्नॅपशॉट घ्यायची जागा घड्याळावर नाही, कामावर ठरते: एक टप्पा संपला आणि आता खोडायला बसायचं, तेव्हा कॅमेरा.

सेव्हनं हिस्टरी जात नाही हे वरच दिसलं. ती जाते फाईल बंद केल्यावर, आणि स्नॅपशॉटही तिच्याबरोबरच जातात. PSD मध्ये ते साठवले जात नाहीत. तेव्हा Save As च्या सल्ल्यातला अर्धा भाग मला मान्य आहे. आमच्याकडं लाईट कधी जाईल याचा नेम नाही, यूपीएसची बॅटरी म्हातारी, आणि लाईटबरोबर पॅनलही रिकामं. दुकान बंद करताना आणि लेयर मर्ज करायच्या आधी वेगळी PSD मीही ठेवतो. पण दर पाच मिनिटाला एक अशा तासाला बारा फाईली करून नंतर तुरा कोणत्या फाईलीत शाबूत आहे ते शोधत बसणं हा इलाज नव्हे.

स्नॅपशॉटच्या नावावर क्लिक करू नका म्हणालो, त्याचं कारण मी स्वतः भोगलंय. नावावर क्लिक केलं की अख्खा फोटो त्या वेळचा होतो. नुसतं बघून यादीतल्या शेवटच्या पावलावर परत क्लिक केलं तर काही बिघडत नाही. पण तिथं उभं राहून एक जरी फटकारा मारला, तर साध्या सेटिंगमध्ये खालची सगळी पावलं उडतात. माझी एक दुपार अशी गेलीय. आता मागं डोकवायचंच असेल तर आधी कॅमेरा दाबून "आत्ताचं" नावाचा स्नॅपशॉट घेतो, मग खुशाल जातो.

हिस्टरी ब्रशही प्रत्येक वेळी चालतो असं नाही. ज्या लेयरवर काम चाललंय तो लेयर स्नॅपशॉट घेताना असायला हवा. नंतर Ctrl+J करून नवा लेयर केला असेल तर त्यावर ब्रश नेल्यावर मनाईचं चिन्ह दिसतं. फोटो मधेच क्रॉप केला, Image Size बदलला किंवा RGB चा CMYK केला तरी तेच. अशा वेळी "आत्ताचं" घेऊन ठेवा, जुन्या स्नॅपशॉटच्या नावावर क्लिक करा आणि पॅनलच्या तळाशी कॅमेऱ्याशेजारचं नवीन डॉक्युमेंटचं चिन्ह दाबा. जुनी अवस्था वेगळी फाईल म्हणून उघडते. मूळ फाईलीत परत येऊन शेवटच्या पावलावर क्लिक करा. मग नव्या फाईलीतून तुऱ्याभोवती लासो फिरवून तो कॉपी करा, इकडं पेस्ट करा आणि हातानं जागेवर बसवा. आकार बदलला असेल तर Ctrl+T नं तुराही तेवढाच लहान-मोठा करावा लागेल. हिस्टरी ब्रशपेक्षा हे काम किचकट आहे, म्हणून आमच्याकडं क्रॉप आता गिऱ्हाईकानं स्क्रीनवर फोटो पाहून होकार दिल्यावरच होतो.