पाच रुपये पाच पैसे म्हणजे ५.५ नव्हे

आज संध्याकाळी शेजारचा पाचवीतला मुलगा वही घेऊन घरी आला. दशांश अपूर्णांकांचा धडा सुरू आहे म्हणे. वही उघडली तर ‘५ रुपये ५ पैसे = ५.५ रुपये’ आणि त्यावर लाल शाईने बरोबरची खूण. खालच्याच ओळीत ‘५ रुपये ५० पैसे = ५.५० रुपये’, तिथेही बरोबर. म्हणजे पाच पैसे आणि पन्नास पैसे एकच झाले आणि ते कुणाला खटकलंही नाही. त्याच्या आईला दाखवलं तर म्हणते, “जाऊ द्या हो काकू, पाच पैसे आता मिळतात कुठे?”

मला राग आला तो इथेच. प्रश्न पाच पैशांचा नाहीच. या मुलाने टिंबाचा अर्थ ‘अलीकडे रुपये, पलीकडे पैसे’ एवढाच घेतलाय. हे त्याच्या डोक्यात घट्ट बसलं की सहावीत ३.१२ हे ३.५ पेक्षा मोठं असं तो ठामपणे सांगणार, कारण बारा पाचापेक्षा मोठे! मग सगळे म्हणणार, पोराचं गणित कच्चं आहे.

माझ्या वर्गात एक मुलगी होती, दुसऱ्या शाळेतून आलेली. घरी गाई होत्या, रोज सकाळी डेअरीत दूध घालून मग शाळेत यायची. मी तिला विचारलं, “४.५ लिटर दूध म्हणजे किती गं?” लगेच म्हणाली, “साडेचार.” मग विचारलं, “आणि ४.५ रुपये?” तितक्याच झटक्यात उत्तर आलं, “चार रुपये पाच पैसे.” तिला त्यात काही विसंगत वाटलंच नाही. दूध तिने हाताने मापलेलं होतं. पैसे मात्र फक्त नियमातून शिकलेली होती.

रुपये-पैशांतून दशांश शिकवणं चांगलंच आहे, पाचवीला याच्याइतकी सोपी वाट दुसरी नाही. पण रुपया आणि पैसा यांच्या मधली पायरी, म्हणजे १० पैशांचं नाणं, आपण गाळून टाकतो. रुपयाचा दहावा भाग म्हणजे १० पैसे, हाच दशांश. त्याचा दहावा भाग म्हणजे १ पैसा, हा शतांश. मधलं नाणं वगळलं की मुलांसमोर उरतात दोन वेगळ्या वस्तू आणि त्यांच्यामध्ये एक टिंब. क्रिकेटमध्ये १९.३ षटकं लिहितात, तिथलं टिंब असंच असतं. आणखी तीन चेंडू पडले की थेट २० होतात, कारण तिथे दहाचा नाही, सहाचा हिशेब आहे. मुलं रोज ते बघतात आणि पैशांचं टिंबही तसंच वाचतात.

मान्य, मुलांनी नाणी पाहिलेली नाहीत. २५ पैसे आणि त्याखालची सगळी नाणी ३० जून २०११ पासून चलनातून गेली, आणि आज पाचवीत असलेली मुलं त्यानंतर जन्मलेली. ५० पैसे कायद्याने चालतात, पण दुकानदार घेत नाही. पण म्हणून काय झालं? पुठ्ठ्याची नाणी कापायला अर्धा तास लागतो.

पुठ्ठ्याच्या फक्त तीन प्रकारच्या चकत्या करा: १ रुपया, १० पैसे, १ पैसा. ५० आणि २५ पैशांच्या करू नका, निदान पहिले काही दिवस तरी. मुलांना त्या आवडतात, पण त्या दहाच्या बदलीत बसत नाहीत. ५० पैशांची चकती हातात आली की मूल ५ दशांश बघतच नाही, पन्नास म्हणून मोकळं होतं. मग फरशीवर खडूने तीन मोठी खोकी आखा. डावीकडे रुपये, मध्ये दहा-पैसे, उजवीकडे एक-पैसा. रुपयांच्या खोक्यानंतर ठळक टिंब द्या. नियम एकच सांगायचा: कुठल्याही खोक्यात नऊपेक्षा जास्त चकत्या राहणार नाहीत. दहा झाल्या की त्या उचलायच्या आणि डावीकडच्या खोक्यात एक ठेवायची. (रुपये दहा झाले की डावीकडे दशकाचं खोकं मुलं स्वतःच मागतात, तेव्हा तेही आखा.)

पहिल्या दिवशी लिहायचं काहीच नाही, नुसती बदली. दुसऱ्या दिवशी ३ रुपये ४७ पैसे मांडायला सांगा. मुलं आधी ४७ सुट्या पैशांच्या मागे लागतात, लागू द्या. चाळीस सुटे बदलून चार दहा-पैसे झाले की खोक्यांत ३, ४, ७ दिसतात आणि ३.४७ आपोआप लिहिलं जातं. त्यानंतर ५ रुपये ५ पैसे. इथे तोंडातून चकार शब्द काढायचा नाही! मधलं खोकं रिकामं राहतं. ‘पाच’ लिहून मूल थांबतं, रिकाम्या खोक्याकडे बघतं आणि तिथे शून्य मागतं. ‘पैसे एक अंकी असतील तर आधी शून्य लावा’ हा नियम त्याला सांगावा लागत नाही. तो नियम पाठ करणारी मुलं शनिवारी विसरतात, कारण शून्य कशासाठी आलं हेच त्यांना ठाऊक नसतं.

त्या दूधवाल्या मुलीला मी याच खोक्यांवर ४.५ मांडायला लावलं. चार चकत्या रुपयात ठेवल्या. पाच हातात घेऊन ती उजवीकडच्या टोकाला निघाली आणि मध्येच थबकली. टिंबानंतरचं पहिलं खोकं दहा-पैशांचं. तिथे पाच ठेवल्या, मोजल्या, “दहा, वीस, तीस, चाळीस, पन्नास… बाई, हे पण साडेचारच की!” तो चेहरा मला अजून दिसतो. म्हणून कुणी ‘एवढा वेळ कुठे असतो’ म्हणालं की माझं डोकं फिरतं.

पण वेळ खरंच नसतो, हेही लिहायला हवं. वर्गात दोन इयत्ता एकत्र, त्यात सर्वेक्षणं, माहिती भरणं, निवडणुकीची कामं. ज्या बाईंनी ती खूण केली त्यांच्यावर मघाशी जेवढी चिडले होते तेवढी आता नाही. वह्यांचा गठ्ठा संपवताना ५.५ आणि ५.०५ नजरेतून सुटू शकतं. फक्त पालकांनो, तुम्ही तरी घरी वही बघताना ‘बरोबर’ची खूण बघून थांबू नका.

वजाबाकीत तर खोक्यांशिवाय हाल होतात. १० रुपये दिले, ३.६५ ची वस्तू घेतली, परत किती? बरीच मुलं ७.३५ लिहितात. दहातून तीन गेले सात, शंभरातून पासष्ट गेले पस्तीस. दोन्ही वजाबाक्या अचूक, पण तो शंभर एक रुपया मोडून आला हे विसरलं. चकत्यांनी करा: दहातला एक रुपया मोडून दहा दहा-पैसे, त्यातलं एक मोडून दहा एक-पैसे. आता खोक्यांत आहेत ९, ९ आणि १०. त्यातून ३, ६ आणि ५ उचला. उरले ६, ३, ५, म्हणजे ६.३५. मोडलेला रुपया मुलाने स्वतःच्या हाताने उचललेला असतो, त्यामुळे तो विसरत नाही.

आजीआजोबा असतील तर त्यांना आण्यांचं विचारायला सांगा. १ एप्रिल १९५७ ला दशमान नाणी आली आणि रुपयाचे शंभर नवे पैसे झाले. त्याआधी रुपयाचे सोळा आणे आणि आण्याचे चार पैसे होते. सोळा आणि चार म्हटल्यावर टिंब चालणारच नाही, म्हणून रुपये, आणे आणि पै वेगवेगळे मांडत. आपल्या रुपयाला टिंब शोभतं ते दहा-दहाच्या बदलीमुळेच, हे मुलांना यातून फार छान कळतं.

पैशांची हद्दही सांगून ठेवते. तीच मुलगी एकदा डेअरीची पावती घेऊन आली. दूध ४.३ लिटर, दर ३४.२५, रक्कम १४७.२८. तिने मोबाइलवर गुणाकार केला तर आला १४७.२७५. “बाई, शेवटचे पाच कशाचे?” तिसऱ्या जागेला आपल्याकडे नाणंच नाही, म्हणून पावतीने पुढचा पैसा धरला. शतांशाच्या पलीकडे पैसे साथ देत नाहीत. शिवाय पैशांत नेहमी दोनच अंक लिहितो, त्यामुळे ८.२ आणि ८.२० सारखेच असं मुलांना लवकर पटत नाही. म्हणून आठवडाभर पैसे करा आणि मग मीटरपट्टी हातात द्या. मीटरचा शंभरावा भाग सेंटिमीटर, हजारावा मिलिमीटर. तिथे तिसरी जागाही मोजता येते.

खाली छोटा सराव देते. वहीत उतरवून घ्या, चकत्या जवळ ठेवूनच सोडवू द्या.

१. रुपयांत लिहा: ७ रुपये ३० पैसे, ७ रुपये ३ पैसे, नुसते ३ पैसे.
२. १२.०८ रुपये मांडले. दहा-पैशांच्या खोक्यात किती चकत्या? एक-पैशाच्या खोक्यात किती?
३. मोठी रक्कम कोणती? ६.४ की ६.१५, ०.०९ की ०.१; ८.२ की ८.२०.
४. १ रुपयाच्या २, १० पैशांच्या १३ आणि १ पैशाच्या ११ चकत्या आहेत. बदली करून रक्कम लिहा.
५. पेन्सिल ४.७५ रुपये, खोडरबर ३.५० रुपये. एकूण किती?
६. २० रुपये दिले, १३.०५ रुपये खर्च झाले. परत किती?
७. अंकांत लिहा: सव्वादोन रुपये, पावणेचार रुपये, साडेसात रुपये.
८. १ मीटर ५ सेंटिमीटर रिबीन मीटरमध्ये लिहा.

उत्तरं: १) ७.३०, ७.०३, ०.०३. २) एकही नाही, आणि ८. ३) ६.४, ०.१, दोन्ही सारख्या. ४) ३.४१. ५) ८.२५. ६) ६.९५. ७) २.२५, ३.७५, ७.५०. ८) १.०५.

तिसऱ्यात ६.१५ मोठं म्हटलं तर मूल टिंबानंतरचं ‘पंधरा’ असं सलग वाचतंय, त्याला दोन्ही रकमा शेजारीशेजारी मांडायला लावा. सहाव्यात ७.९५ आलं तर रुपया मोडलेला नाही. आणि आठव्यात १.५ आलं तर अजून मीटरपट्टीकडे जाऊ नका, रिकाम्या खोक्याचा खेळ आणखी दोन दिवस घ्या. शेजारच्या मुलाला मी उद्या बोलावलंय, पुठ्ठा आणि कात्री काढून ठेवली आहे.