टाळ्या वाजवा की!

टोकियोतल्या असाकुसात एका पुणेकर काकांनी मला सगळ्यांदेखत दटावलं, "अहो, टाळ्या वाजवा की! काही माहिती काढून येता की नाही?" आम्ही उभे होतो सेन्सोजीत. ते बौद्ध मंदिर. तिथे हात जोडायचे, डोळे मिटायचे, आवाज करायचा नाही. मी तसं सांगितलं. "जपानात दोन टाळ्या असतात, मी व्हिडिओ बघून आलोय," म्हणत त्यांनी सणसणीत दोन वाजवल्या. आजूबाजूचे वळून बघायला लागले, तेही माझ्याकडे!

टाळ्या शेजारच्या असाकुसा जिन्जामध्ये, म्हणजे जपानच्या मूळ शिंतो धर्माच्या देवळात. गोंधळ व्हावा अशीच जागा आहे म्हणा. कथा अशी, की 628 साली दोन कोळी भावांच्या जाळ्यात कान्नोन या बौद्ध करुणादेवतेची मूर्ती आली. ते दोघे आणि मूर्तीची स्थापना करणारा गावचा म्होरक्या असे तिघे इथले देव. बुद्ध आणि शिंतो देव पूर्वी एकत्रच नांदायचे. 1868 साली सरकारने त्यांच्या वाटण्या केल्या. ओळखायची खूण सोपी: दोन खांब आणि वर आडव्या तुळया असलेली तोरी दिसली, की शिंतो.

त्या तोरीबाहेर थोडं वाकून आत शिरायचं आणि कडेने चालायचं, कारण मधली वाट देवाची. काका अर्थातच मधोमध.

"सुटे पाच येन आहेत?" पाच येनचं भोकाचं पितळी नाणं शुभ मानतात, सक्ती कसलीच नाही. मी दिलं. नाणं दानपेटीच्या फळ्यांमधून अलगद सोडायचं असतं. काकांनी लांबून भिरकावलं. फळीवर आपटून ते बाहेर पडलं आणि उचलायला कोण वाकलं, हे सांगायला नको.

पुढे कमरेतून दोनदा खोल वाकायचं. मग छातीसमोर तळवे जुळवून उजवा किंचित खाली ओढायचा, बोटाच्या पेराएवढा. हात खांद्याएवढे फाकवून दोन टाळ्या. तळवे पुन्हा बरोबर जुळवायचे आणि प्रार्थना आता करायची, आधी नाही. मनातल्या मनात, थोडक्यात. शेवटी एकदा वाकायचं.

काका वाकले नाहीत, टाळ्या मात्र कडक. मग प्रार्थना सुरू झाली, ओठ हलवत: मुलाचा व्हिसा, सोसायटीचं पार्किंग, धाकट्या मेव्हण्याला सुबुद्धी. मागची रांग वाढत चालली. जपानी माणूस खाकरतसुद्धा नाही, नुसता उभा राहतो, आणि त्यानेच जास्त ओशाळायला होतं. अहो, मोठं मागणं असेल तर बाजूला उभं राहून मागा ना!

शेवटचं वाकणं गाळून काका वळले. "जमलं ना? आता तुम्ही करा, मी बघतो."

पाच येन म्हणजे जेमतेम तीन रुपये. प्रश्न पैशाचा नाही, पण परत करतो असं तोंडदेखलं तरी म्हणावं.

पुढे ते इझुमो ताइशा या शिंतो देवळात जाणार आहेत म्हणे. तिथे चार टाळ्यांची रीत आहे. मी सांगितलेलं नाही.