पंधरा व्होल्टचा हट्ट

आमच्या घरात टीव्ही एक आणि दावेदार तीन. सात ते दहा आईच्या मालिका, दहानंतर बाबांच्या बातम्या. गेम खेळायचा माझा निन्टेन्डो स्विच तोवर टीव्हीला जोडणाऱ्या डॉकमध्ये मान खाली घालून बसलेला असतो. हातात धरून खेळावं तर पडदा सव्वासहा इंचांचा, आणि माझा चष्मा आता चाळिशीचा. म्हणून साडेपंधरा इंची पोर्टेबल मॉनिटर मागवला. जाहिरातीत एका तरुणाने तो झाडाखाली मांडला होता. एकच वायर, चेहऱ्यावर हसू.

मॉनिटरला डाव्या बाजूला दोन टाइप-सी पोर्ट आणि एक मिनी एचडीएमआय. मी घरात हाताला लागलेल्या पहिल्या सी-टू-सी वायरने स्विच आणि मॉनिटर जोडला. मॉनिटर क्षणभर उजळला, No Signal म्हणाला आणि झोपी गेला. बरोबरच होतं, पण हे मला तेव्हा कुठे ठाऊक! स्विचची अट अशी आहे की बाहेर चित्र पाठवायचं तर आधी त्याला भिंतीतून वीज हवी, तीही १५ व्होल्टने. त्याच्या मूळ चार्जरवर १५ व्होल्ट, २.६ अँपिअर असं छापलेलं असतं, म्हणजे ३९ वॉट. ते मिळालं तरच तो समजतो की आपण डॉकवर आहोत.

मग मी मोबाइलचा चार्जर आणला. ६७ वॉटचा! ३९ पाहिजेत, आपण ६७ देतोय, वरपक्षाने आणखी काय मागावं? तो मॉनिटरच्या दुसऱ्या पोर्टला लावला. मॉनिटर झगमगला, स्विच चार्ज होऊ लागला, चित्र मात्र नाही. अर्धा तास मी स्विच बंद-चालू करत होतो. शेवटी चष्मा कपाळावर सरकवून चार्जरवरची मुंगीएवढी अक्षरं वाचली. ते ६७ वॉट फक्त त्याच्या जातीच्या मोबाइलसाठी. इतरांसाठी ५ आणि ९ व्होल्ट, बस्स. पत्रिकेत अठ्ठावीस गुण आणि नेमकी नाडी एक! शिवाय त्याची वायर एका टोकाला जुन्या चपट्या यूएसबीची. तसल्या वायरीतून १५ व्होल्टची बोलणी होतच नाहीत. चार्ज होतंय म्हणजे चालणार, हा माझा समज तिथे संपला.

डॉकमागून मूळ चार्जर उपसला. त्याची वायर चार्जरलाच कायमची चिकटलेली. ती मॉनिटरमध्ये, आणि मॉनिटरमधून सी-टू-सी स्विचमध्ये. तरी No Signal! रविवार होता म्हणून भाचा आला होता. त्याने माझी वायर दोन बोटांत धरली, जशी आपण पोळीतला केस धरतो.

"मामा, ही इअरबड्सच्या डब्यातली ना? ही नुसती चार्जिंगची. चित्राच्या तारा हिच्यात नाहीतच."

दिसायला दोन्ही वायरी जुळ्या बहिणी. चित्र नेणारी मॉनिटरच्या खोक्यातच, कागदाच्या पट्टीत गुंडाळलेली होती. खोकं माळ्यावर. ती लावली आणि स्विचचा स्वतःचा पडदा काळा होऊन मॉनिटरवर चित्र उमटलं. मी टाळ्या वाजवल्या. आई आतून "हळू, पुरावा सापडलाय!" म्हणून ओरडली.

भाच्याने मग स्वतःचा स्टीम डेक, म्हणजे तसलंच हातात धरायचं गेमयंत्र, काढला, तीच वायर लावली आणि चार्जरशिवाय चित्र आणलं. ते यंत्र टाइप-सीमधून सरळ डिस्प्लेपोर्टचा सिग्नल देतं, हुंडा मागत नाही. फक्त मॉनिटरची वीजही त्याच्याच बॅटरीतून जाते, त्यामुळे ती उन्हातल्या कुल्फीसारखी उतरते. मी दुकानदाराच्या आग्रहाने १४४ हर्ट्झचा मॉनिटर घेतला होता. भाच्याने तेही निकालात काढलं: माझा स्विच टीव्ही मोडमध्ये १०८० पी आणि ६० हर्ट्झच्या पुढे जात नाही. हातात तर ७२० पीच. उरलेले ८४ हर्ट्झ मी कशासाठी मोजले ते दुकानदारालाच ठाऊक. शेजारच्या मुलाचा स्विच लाइट मात्र आम्ही लावून बघितलाच नाही. त्याच्यातून चित्र बाहेर येतच नाही, चार्जर कोणताही लावा.

झाडाखाली बसायचं स्वप्नही तपासलं. माझी २०,००० एमएएचची पॉवर बँक १२ व्होल्टला थांबते. १५ व्होल्ट, ३ अँपिअर देणारी, म्हणजे निदान ४५ वॉटची हवी, म्हणजे पुन्हा खर्च. तोवर माझा पोर्टेबल मॉनिटर भिंतीपासून दीड मीटरपर्यंत पोर्टेबल आहे.

आणि त्या दीड मीटरमध्येही तो फार दिवस राहिला नाही. मिनी एचडीएमआयला छोटा जोड लावून भाच्याने त्यात टीव्हीची स्ट्रीमिंग स्टिक खोचली. मॉनिटरला एकट्याला वीज जेमतेम लागते, त्यामुळे तोच नाकारलेला ६७ वॉटचा चार्जर त्याला पुरला. आई आता पोळ्या लाटताना ओट्यावर मालिका बघते. टीव्ही सातला मोकळा झाला, म्हणून मी उत्साहाने स्विच डॉकमध्ये सरकवला.

बाबांनी रिमोट उचलला. बातम्या आता सातपासूनच.