चौथा मजला दिसत नाही

आमच्या सोसायटीचे खजिनदार काका नाशिकला मुलीकडे गेले आणि जाताना सोसायटीचा हिशोब लॅपटॉपसकट घेऊन गेले. वार्षिक सभा ३० सप्टेंबरच्या आत घ्यायची, थकबाकीची यादी सभेच्या आधी लावायची, म्हणून सेक्रेटरींनी त्यांच्याकडे फाईल मागितली. काकांनी ती तत्परतेने व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवली. ती फाईल म्हणजे एक्सेलच्या पडद्याचा स्क्रीनशॉट होता. "फाईल म्हणजे हेच ना?" असं त्यांनी खाली विचारलंही होतं. सेक्रेटरींनी अंगठा दाखवला आणि तो फोटो मला पुढे ढकलला. "तुम्ही आयटीतले. एवढं टाइप करून द्या, दहा मिनिटांचं काम आहे."

घोडबंदर रोडवर दहा मिनिटांची जी किंमत असते तीच इथेही निघाली.

पहिला आळस मी केलाच. फोनच्या एक्सेलमध्ये फोटोवरून तक्ता करून देणारी सोय आहे, ती वापरली. शंका असलेले चौकोन तिने तपासायला दिले, मी "बरोबर, बरोबर" म्हणत गेलो आणि समोर सुंदर तक्ता उभा राहिला. प्रत्येक ओळीत मागील बाकी अधिक आकारणी वजा भरणा म्हणजे येणे, असा साधा हिशोब होता. तो ओळीओळीला लावून पाहिला, तर एक ओळ पाचशेने चुकली. व्हॉट्सअ‍ॅपने दाबलेल्या फोटोत १,८०० चा आठ तीन झाला होता. तो दुरुस्त केला. पावतीच्या तारखेच्या रकान्यात दोन ठिकाणी नुसते ##### होते. रकाना अरुंद असला की एक्सेल तारीख अर्धवट दाखवण्याऐवजी तोंड फिरवून बसतं, त्यामुळे मागे तारीख होती, पण कोणती ते मला कळणार नव्हतं. इथवर ठीक होतं.

मग मी डावीकडचे ओळींचे क्रमांक पाहिले, जे त्या सोयीने मुळात उचललेच नव्हते.

वर १ आणि २ या शीर्षकाच्या ओळी, त्यांच्याखाली बारीक रेघ, आणि रेघेखाली थेट २९. पुढे ३८ पर्यंत सुरळीत. ३८ च्या खाली ४३. मग ५० पर्यंत, आणि ५१ वर एकूण येणे १,८६,४५०.

या दोन उड्या सारख्या दिसतात, पण त्यांची जात वेगळी आहे. पहिली उडी गोठवलेल्या शीर्षकाच्या रेघेवर आहे. काका खाली सरकले, शीर्षक वर चिकटून राहिलं आणि मधल्या २६ ओळी पडद्याबाहेर गेल्या. ठाण्याहून थेट घाटकोपरला थांबणारी फास्ट पकडली म्हणून मुलुंड-भांडुप नाहीसे होत नाहीत, तसंच हे. दुसऱ्या उडीच्या जागी रेघ नव्हती. फोटो मोठा केला तर ३८ आणि ४३ या आकड्यांच्या मधे बारीक दुहेरी खूण होती. म्हणजे ३९ ते ४२ या ओळी कुणीतरी लपवल्या होत्या. आकडे निळे असते तर फिल्टर लावलाय म्हटलं असतं. ते साध्या रंगाचे होते, तेव्हा हे हाताने केलेलं काम.

आमच्या दोन विंग, सहा मजले, मजल्याला चार घरं, एकूण ४८. ए विंग ओळ ३ पासून, बी विंग २७ पासून. दुसऱ्या उडीआधीची शेवटची ओळ बी-३०४, तिच्याखाली बी-५०१. बी विंगचा अख्खा चौथा मजला गायब होता.

मी बी-४०३ मध्ये राहतो.

सेक्रेटरींना फोन केला. म्हणाले, "मग भरून टाका ना. एकूण आहेच." मी मोहात पडलो हे कबूल करतो. दिसणाऱ्या १८ घरांची बेरीज ६१,२०० होती. एकूणातून ती वजा केली तर १,२५,२५०, आणि न दिसणारी घरं ३०. भागाकार केला तर बरोबर ४,१७५ आले. पैसासुद्धा उरला नाही. आकडा इतका गोंडस होता की खराच वाटावा. पण हे एकूण लपलेल्या ओळी धरून आहे की सोडून, ते तरी कुठे माहीत होतं? साध्या SUM ला लपवाछपवी कळत नाही, ते सगळं मोजतं. SUBTOTAL मध्ये 109 घातलं असेल तर लपलेल्या ओळी सुटतात. वरच्या पट्टीत सूत्र दिसलं असतं, पण काकांची चौकट बी-५०२ मधल्या नावावर उभी होती.

"काका, थोडं वर सरकून अजून एक फोटो पाठवा," असं विनवलं. दुपारच्या झोपेनंतर आला. ओळी ३ ते २८, मधे उडी नाही, बेरीज १,०८,७५०. दोन्ही फोटो मिळून १,६९,९५०. एकूणात अजून १६,५०० उरत होते, म्हणजे एकूण लपलेल्या ओळी धरूनच होतं. चौथ्या मजल्याकडून १६,५०० येणे आहेत हे कळलं, आणि चार चौकोनांपैकी एकही भरता येत नव्हता.

"तुमचं तरी तुम्हाला माहीत असेल," सेक्रेटरी म्हणाले. माहीत होतंच, माझं येणे शून्य. पण मला जे माहीत आहे ते काकांच्या तक्त्यात लिहिलंय असं कुठे दिसत होतं? घरांचे क्रमांकही मी घातले नाहीत. चार ओळी लपल्यात एवढंच खरं, चारही घरांच्याच आहेत कशावरून? मी "मूळ ओळ" नावाचा रकाना केला, त्यात प्रत्येक नोंदीपुढे फोटो कितवा आणि ओळ कितवी ते लिहिलं, आणि ३९ ते ४२ पुढे "दिसत नाही" लिहिलं.

इथे एक्सेलने दगा दिला. बेरीज करताना ते शब्द गुपचूप सोडून देतं, त्यामुळे खाली १,६९,९५० असं येऊन बसलं, जणू काही राहिलेलंच नाही. म्हणून येणेच्या रकान्यातले ते चार शब्द पुसून तिथे =NA() घातलं. लगेच एकूणाच्या जागी #N/A आलं.

"अहो, बेरीज मोडली!" सेक्रेटरी.

"मोडली नाही. चार ओळी माहीत नाहीत म्हणतेय."

"सभेत हे लावायचं?"

मग तडजोड म्हणून त्याखाली "फक्त दिसणाऱ्या ओळींची बेरीज" अशी ठळक अक्षरं आणि हे सूत्र दिलं, जे एरर आलेले चौकोन वगळून बेरीज करतं:

```
=AGGREGATE(9,6,F3:F50)
```

त्याच्याखाली "मूळ फोटोतील एकूण १,८६,४५०, फरक १६,५००, ओळी ३९ ते ४२". सेक्रेटरींना हे तपास अधिकाऱ्याच्या पंचनाम्यासारखं वाटलं.

सभेच्या आदल्या रात्री काकांच्या मुलीने खरी फाईल ईमेल केली. ३८ ते ४३ ओळी निवडल्या, राइट क्लिक, Unhide. चौथा मजला उगवला. ४०१ आणि ४०२ जोडून एक केलेले, त्यामुळे त्यांची एकच ओळ, आणि तिथे उणे ६,०००, आगाऊ भरलेले. ४०४ चे ९,०००. ओळ ४२ मध्ये घरच नव्हतं, फक्त काकांची टीप होती: "४०३ शी समक्ष बोलणे. तोवर यादीत दाखवू नये, चांगले गृहस्थ आहेत."

४०३ पुढे १३,५०० होते.

"तीन चेक दिले होते मी," मी बायकोला म्हणालो.

तिने काही न बोलता टीव्हीखालचा ड्रॉवर उघडला.