ओटीपी उशिरा आला आणि चुकीचा ठरला: एका प्रतिक्रियेला उत्तर

प्रतिक्रिया: "तुमचा लेख वाचून फोन फ्लाइट मोडवर टाकला, काढला, काही झालं नाही. दोन मिनिटं वाट पाहिली, मग तीनदा 'पुन्हा पाठवा' दाबलं. सहा मिनिटांनी एकदम दोन ओटीपी आले. दोन्ही टाकले, दोन्ही चुकीचे. पहिला परत टाकला तर कार्डच ऑनलाइनसाठी बंद! नेट जोरात चाललंय, वॉट्सअप धडाधड येतंय, म्हणजे माझ्या फोनचा दोष नाही. सरळ सांगा की बँकेची चूक आहे. मित्र म्हणतो, मेसेज आपोआप दुसऱ्या फोनवर पाठवणारं अ‍ॅप टाक. असा उपयोगाचा उपाय तुम्ही का नाही सांगत?"

आधी तुमच्या शेवटच्या प्रश्नाबद्दल, कारण तिथे घाई आहे. ते अ‍ॅप टाकलं असेल तर आत्ताच काढून टाका. काढण्याआधी फोनच्या सेटिंगमध्ये जाऊन त्याला दिलेली मेसेज वाचायची परवानगी बंद करा. अशा अ‍ॅपला तुमचा प्रत्येक मेसेज दिसतो. फक्त या कार्डाचा ओटीपी नाही, तर ईमेलचा पासवर्ड बदलण्याचा कोड, दुसऱ्या बँकेचा कोड, सगळं. ते मेसेज वाटेत कुणाच्या सर्व्हरवरून जातात हे तुम्हाला कळायला मार्ग नसतो. शिवाय तुमच्या अडचणीवर त्याचा काडीचाही उपयोग नाही. जो मेसेज तुमच्या फोनवर पोचलाच नाही, तो अ‍ॅप पुढे पाठवणार कुठून? अ‍ॅप काही दिवस फोनवर राहिलं असेल, तर नेटबँकिंगचा आणि ईमेलचा पासवर्ड दुसऱ्या उपकरणावरून बदला आणि कार्डाचे अलीकडचे व्यवहार एकदा नजरेखालून घाला.

आता वॉट्सअपचं. ते इंटरनेटवरून येतं. ओटीपीचा साधा मेसेज त्या वाटेने येत नाही, तो मोबाइल कंपनीच्या नेटवर्कमधून येतो. घरच्या वायफायवर फोन जोडलेला असेल तर मोबाइलची रेंज शून्य असतानाही वॉट्सअप सुरळीत चालेल आणि मेसेज मात्र अडकून पडेल. म्हणून नेट जोरात आहे यावरून मेसेजच्या वाटेबद्दल काहीच सिद्ध होत नाही. तपासायची सोपी रीत अशी: घरातल्या दुसऱ्या फोनवरून स्वतःला एक साधा एसएमएस पाठवा. तो अर्ध्या मिनिटात आला तर तुमचा फोन आणि सिम मेसेज घेत आहेत. नाही आला तर अडचण तुमच्या बाजूला आहे आणि बँकेला फोन करून काही निघणार नाही. त्यातही वायफाय कॉलिंग चालू असेल तर ते काही मिनिटं बंद करून बघा. वायफाय कमकुवत असलं की फोन मेसेजही त्याच वाटेने घ्यायला जातो आणि ते लटकतात.

फ्लाइट मोडबद्दल मात्र तुमची तक्रार रास्त आहे. मी तो उपाय सांगितला, पण तो कधी चालतो हे सांगितलं नाही. ओटीपी दुकानदाराची वेबसाइट तयार करत नाही, तो तुमचं कार्ड देणाऱ्या बँकेच्या बाजूला तयार होतो. तिथून तो मेसेज पाठवणाऱ्या मध्यस्थ कंपनीकडे जातो, तिथून तुमच्या मोबाइल कंपनीच्या मेसेज केंद्रात आणि मग फोनवर. केंद्राने मेसेज द्यायचा प्रयत्न केला आणि फोन सापडला नाही, तर ते मेसेज ठेवून घेतं आणि नेटवर्कमध्ये नोंद होते की या नंबरासाठी काहीतरी थांबलेलं आहे. फोन नेटवर्कला नव्याने जोडला गेला की ती नोंद जागी होते आणि थांबलेला मेसेज सुटतो. फ्लाइट मोड पंधरा-वीस सेकंद ठेवून काढल्यावर नेमकं हेच घडतं. म्हणजे हा उपाय फक्त शेवटच्या टप्प्यावर अडकलेल्या मेसेजला लागू पडतो. मेसेज मध्यस्थाच्या रांगेतच उभा असेल तर फोन दहा वेळा बंद-चालू करून काही होत नाही. तुमच्या बाबतीत हेच झालं असण्याची शक्यता जास्त, कारण दोन मेसेज एकदम आले. रांग पुढे सरकली की असे जोडीने येतात.

आणि त्या जोडीनेच तुमचं कार्ड अडकवलं. पान उघडलं तेव्हा एक ओटीपी तयार झाला, मग तुम्ही तीनदा बटण दाबलं, म्हणजे एकूण चार विनंत्या गेल्या. काही बँका ठरावीक वेळेत तोच कोड पुन्हा पाठवतात, पण बहुतेक ठिकाणी नवा तयार झाला की आधीचा त्याच क्षणी रद्द होतो. त्यामुळे चालणारा कोड फक्त चौथा. पोचले दोनच, आणि दोन्ही चुकीचे ठरले, म्हणजे ते बहुधा आधीच्या तिघांपैकी होते. चौथा रांगेतच राहिला. त्यात मेसेज ज्या क्रमाने निघतात त्याच क्रमाने पोचतील याची हमी नसते. दुसरा आधी आणि पहिला नंतर असंही होतं, म्हणून सगळ्यात वरचा तोच ताजा हा हिशोब चुकतो.

आता ते दोन्ही मेसेज पुन्हा उघडा आणि आकड्यांच्या पलीकडे बघा. बऱ्याच बँका मेसेजमध्ये दुकानाचं नाव, रक्कम आणि कार्डाचे शेवटचे चार आकडे देतात. काहीजण एक छोटा संदर्भ क्रमांकही देतात आणि तोच क्रमांक ओटीपी टाकायच्या पानावर छापलेला असतो. समजा पानावर संदर्भ ५८२१ आहे आणि मेसेजमध्ये ५८१७, तर तो कोड टाकायचाच नाही. तो जुना आहे. टाकला तर एक प्रयत्न वाया जातो, आणि चुकीच्या प्रयत्नांची मर्यादा बहुधा तीनचीच असते. तुमचे तिन्ही त्यातच गेले. संदर्भ क्रमांक नसेल तर जुना-नवा ओळखायचा खात्रीचा मार्ग उरत नाही. अशा वेळी अंदाजाने कोड टाकत बसू नका. पान सोडून द्या, मेसेजमध्ये लिहिलेली मुदत संपू द्या, मग नव्याने व्यवहार सुरू करा आणि ओटीपी एकदाच मागा. पुन्हा मागायचाच असेल तर पानावरचा वेळ पूर्ण उलटल्यावर, तोही एकदाच.

पान सोडलं तर पैसे अडकतील अशी धास्ती असते, म्हणून लोक घाईने काहीतरी टाकतात. ओटीपीचा टप्पा पैसे मंजूर होण्याच्या आधीचा आहे. ज्या व्यवहाराला ओटीपी लागतो, त्यात तो बरोबर पडल्याशिवाय रक्कम मागण्याची विनंती पुढे सरकत नाही. म्हणून ओटीपी न टाकता पान बंद झालं तर पैसे जात नाहीत. धोका त्याच्या पुढच्या क्षणी आहे: बरोबर ओटीपी टाकला, चक्र फिरत राहिलं आणि पान मेलं. तिथे रक्कम कापली गेलेली असू शकते. अशा वेळी खात्यातली नोंद आणि दुकानाकडची ऑर्डर दोन्ही बघितल्याशिवाय दुसऱ्यांदा पैसे भरू नका.

चूक बँकेची का, यावर मी हो किंवा नाही म्हणणार नाही, पण तुम्हाला ते स्वतः तपासता येईल. ओटीपीच्या पानावर बहुतेक वेळा लिहिलेलं असतं की कोड अमुक नंबरावर पाठवला, आणि त्यात शेवटचे तीन-चार आकडे दिसतात. आपण ती ओळ वाचतच नाही. आकडे जुन्या नंबराचे असतील, किंवा कार्ड घरातल्या दुसऱ्याच्या खात्यावरचं जोडकार्ड असून नंबर त्यांचा असेल, तर तो मेसेज तुमच्याकडे कधीच येणार नव्हता. तुमच्याकडे उशिरा का होईना दोन आले, म्हणजे नंबर बरोबर आहे. साधा एसएमएस लगेच येत असेल, दुसऱ्या संस्थांचे कोडही लगेच येत असतील आणि याच बँकेचे रेंगाळत असतील, तर दोष त्यांच्या बाजूच्या रांगेत आहे. मग तक्रार करा आणि करताना दोन गोष्टींची वेळ लिहून द्या, बटण कधी दाबलं आणि मेसेज कधी आला. "ओटीपी येत नाही" एवढ्यावरून त्यांना शोधता येत नाही, वेळ दिली की नोंदीतून सापडतं.

एक खूण मात्र वेगळी आणि गंभीर. एसएमएसही येत नाही, फोनही लागत नाही, सिमची रेंज अचानक पूर्ण गेली आणि शेजारी बसलेल्याच्या त्याच कंपनीच्या फोनला रेंज आहे. तुमच्या नावावर कुणी दुसरं सिम काढलं की असंच दिसतं, आणि मग तुमचे ओटीपी त्याच्याकडे जातात. अशा वेळी वाट पाहू नका. दुसऱ्या फोनवरून आधी बँकेला, मग मोबाइल कंपनीला कळवा. तुम्ही स्वतःच नवं सिम घेतलं असेल तर काही बँका मुद्दाम काही काळ ओटीपी रोखून धरतात. तो बिघाड नाही, याच चोरीवरचा बंदोबस्त आहे.

अ‍ॅपऐवजी काय करायचं, तर बँकेच्या स्वतःच्या अ‍ॅपमध्ये व्यवहार मंजूर करायची सोय आहे का ते बघा. तिथे कोड येतच नाही. स्क्रीनवर दुकानाचं नाव आणि रक्कम दिसते, तुम्ही पिन किंवा बोटाचा ठसा देऊन होकार देता, आणि हे सगळं इंटरनेटवरून होतं, म्हणजे तुमचं जोरात चालणारं नेट इथे खरंच कामाला येतं. पण ही सोय आधी चालू करून ठेवावी लागते आणि चालू करतानाच बहुधा एकदा एसएमएस लागतो. ऐन घाईत ती करायला बसू नका, रेंज चांगली असताना करा. ती नसेल तर ओटीपी ईमेलवर किंवा फोन कॉलवर देण्याचा पर्याय त्याच पानावर आहे का बघा. तोही नसेल तर त्या दिवशी दुसऱ्या बँकेचं कार्ड वापरा.

तुमचं कार्ड सुरू करायला बँकेला फोन करावा लागेल. नंबर कार्डाच्या मागे छापलेला आहे तोच लावा. इंटरनेटवर शोधून मिळालेला लावू नका, तिथे खोटे नंबर पेरलेले असतात आणि पलीकडचा माणूस अगदी गोड बोलतो. तो ओटीपी वाचून दाखवायला सांगेल किंवा स्क्रीन दिसण्यासाठी एखादं अ‍ॅप टाकायला सांगेल. खऱ्या बँकेच्या माणसाला यातलं काहीच लागत नाही.

फ्लाइट मोडचा परिच्छेद मी आज बदलून ठेवतो. तुमच्या त्या दोन मेसेजमध्ये संदर्भ क्रमांक होता का, तेवढं मात्र बघून इथे कळवा.