चॉकलेट, नोबेल आणि तेवीस ठिपके

«जो देश जास्त चॉकलेट खातो, त्याला जास्त नोबेल मिळतात. २३ देशांचा आलेख आहे, r = ०.७९. म्हणजे ७९ टक्के पुरावा! स्वीडन तर रेषेच्याही वर आहे. मुलांना रोज चॉकलेट द्या, डोकं चालेल.»

या दाव्यातला आलेख खरा आहे. फ्रांझ मेसर्ली या हृदयरोगतज्ज्ञांनी तो २०१२ मध्ये छापला, तोही बराचसा मिश्किलपणे. आडव्या अक्षावर माणशी वर्षाला किती किलो चॉकलेट, उभ्यावर एक कोटी लोकांमागे किती नोबेल. प्रत्येक ठिपका एक देश, आणि ठिपक्यांमधून काढलेली एक सरळ रेषा.

आधी ते «७९ टक्के». r हा टक्का नसतोच. ठिपके सरळ रेषेला किती चिकटून आहेत, एवढंच तो सांगतो. १ म्हणजे सगळे रेषेवर. टक्क्यातच बोलायचं तर r चा वर्ग घ्यावा लागतो. तो येतो ०.६३ च्या आसपास. म्हणजे देशादेशांतल्या नोबेलच्या फरकापैकी साधारण ६३ टक्के फरकाशी ही रेषा जुळते. जुळते म्हटलंय, घडवते नाही.

आता स्वीडन. माणशी ६.४ किलो चॉकलेटवर रेषेच्या हिशेबाने त्याला एक कोटी लोकांमागे १४ च्या आसपास नोबेल यायला हवेत, आहेत ३२ च्या आसपास. हा दाव्याला दुजोरा कसा? चॉकलेटने जे सांगता येत नाही, ते इथेच सर्वात ठळक दिसतं. स्वीडनला वगळलं की r उलट ०.८६ वर चढतो. पण आकडा सुधारतो म्हणून ठिपका खोडायचा नसतो. तो रेषेबाहेर का गेला हे आधी विचारायचं. बहुतेक नोबेल स्टॉकहोममध्येच ठरतात, हे एक कारण मेसर्लींनीच सुचवलं होतं. दोन्ही r सांगावेत, म्हणजे वाचकाला कळतं की एका ठिपक्यावर किती अवलंबून आहे. उजव्या वरच्या टोकाचा स्वित्झर्लंड मात्र कोणाला खुपत नाही, कारण तो रेषेजवळ आहे. तरी इतक्या कडेचा ठिपका रेषेचा कल ठरवण्यात मधल्या देशांपेक्षा जास्त वजन टाकतो.

राहिला रोजच्या चॉकलेटचा सल्ला. इथे ठिपका म्हणजे देश, माणूस नव्हे. नोबेल मिळालेल्यांनी स्वतः किती चॉकलेट खाल्लं, याची नोंद या आलेखात कुठेच नाही. शिवाय नोबेल १९०१ पासूनचे, चॉकलेटचे आकडे २००२ ते २०११ चे. कारण परिणामाच्या मागून येत नाही. श्रीमंत देशात चॉकलेटही परवडतं आणि प्रयोगशाळाही. हा संशय तपासायचा तर सारख्याच उत्पन्नाचे देश तेवढे घेऊन रेषा पुन्हा काढायची आणि चढ टिकतो का ते बघायचं.

तरीही कारण मानायचंच असेल, तर रेषेचा चढ असा: माणशी वर्षाला ०.४ किलो वाढलं की एक कोटींमागे एक नोबेल. २०११ च्या जनगणनेत महाराष्ट्र ११ कोटी २४ लाख. दरवर्षी ४५ हजार टन जादा चॉकलेट वाटा आणि अकरा नोबेलची वाट बघा.